‘आमच्यातलाच एक उमेदवार आहे’ असं कळल्यावर लिहायचं पत्र

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी मुलाखतीला कोल्हापूरला गेले होते. अभ्यासक्रमाची मार्गदर्शक पुस्तकं, म्हणजे आपण ज्यांना सरळ गाईड म्हणतो ती, काढणारी एक प्रकाशन संस्था आहे. जागा सहायक संपादकाची. समोर तिघं बसले होते : संपादक बाई, हिशेब बघणारे एक सर आणि छपाईचं काम बघणारे दुसरे सर. अर्धा तास सगळं बरं चाललं होतं. दोन परिच्छेद तपासायला दिले, ते मी तपासले. मग बाई पेन बाजूला ठेवून म्हणाल्या, “एक गोष्ट आधीच सांगते. या जागेसाठी आमच्या इथलाच एक मुलगा पण आहे. तीन वर्षं डीटीपीत काम करतोय. चांगला आहे.”

मी म्हटलं, “बरं मॅडम.” आणि गप्प बसले. त्या वाक्याला काही उत्तर द्यायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. बाहेर पडून स्टँडवर येईपर्यंत माझ्या मनाने निकाल लावून टाकला होता की आपल्याला उगीच बोलावलं. वर्ग पूर्ण करायला बोलावलं.

माझ्यापुढे तेव्हा दोनच वाटा होत्या. नोकरी लागली तर जूनपासून कोल्हापूरला राहायचं आणि एम.ए. बाहेरून करायचं. नाही लागली तर इथेच एम.ए.चा फॉर्म भरायचा आणि घरच्यांना आणखी दोन वर्षं फीचं ओझं द्यायचं. त्यामुळे रात्री बेळगावला पोचल्या पोचल्या मी त्या बाईंना मेल लिहायला घेतला. त्या पत्राचं काय काय झालं ते इथे सांगते, कारण आपल्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातले निम्मेजण आता मुलाखती देत फिरतायत आणि हे वाक्य त्यांनाही कुठेतरी ऐकायला मिळणार आहे.

माझं पहिलं पत्र असं होतं :

“आदरणीय मॅडम, आज मुलाखतीची संधी दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या संस्थेत काम करणं हे माझं स्वप्न आहे. आपण संस्थेतल्या उमेदवाराबद्दल सांगितलंत. त्यांच्या तुलनेत माझी निवड होण्याची शक्यता किती आहे आणि मी कुठे कमी पडते हे कळवलंत तर मी ऋणी राहीन. मला मराठी, इंग्रजी व कोंकणी या तिन्ही भाषा येतात, टायपिंग येतं, आणि माझी कितीही कष्ट करायची तयारी आहे. पगाराबाबत माझी काहीच अट नाही.”

हे मी पाठवणारच होते. पण त्याआधी माझ्या मावसबहिणीला वाचून दाखवलं. ती पुण्यात एका कंपनीत गेली सहा वर्षं भरतीचं काम करते, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसते. ती ऐकून म्हणाली, “अगं, यातलं एकही वाक्य त्या बाईंच्या उपयोगाचं नाही. तू तिला असं विचारलंयस जे ती सांगूच शकत नाही, आणि असं सांगितलंयस जे तिने विचारलेलं नाही.”

मग तिने एकेक वाक्य सोलून काढलं. ‘शक्यता किती’ याचं उत्तर कुणीही लेखी देत नाही, कारण निर्णय तिघांचा असतो आणि तो अजून झालेला नसतो. ‘मी कुठे कमी पडते’ याचं उत्तर देताना त्या मुलाची आणि माझी तुलना करावी लागते. तो मुलगा उद्या सकाळी त्याच बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसणार आहे, त्याच्याबद्दल त्या परक्या मुलीला काय लिहितील? भाषा आणि टायपिंग हे माझ्या अर्जात होतंच. आणि पगाराची अट नाही हे वाक्य ऐकून ताई चिडलीच. तिचं म्हणणं, घरच्या माणसापुढे बाहेरचं माणूस स्वस्त म्हणून कुणी निवडत नाही. स्वस्त म्हटलं की उलट शंका येते, आणि निवड झालीच तर तोच पगार गळ्यात पडतो.

मी म्हटलं, “मग न लिहिलेलंच बरं की.”

ती म्हणाली, “तसं नाही. बाईंनी ते वाक्य का म्हटलं याचा आधी विचार कर.”

हा विचार मी केलाच नव्हता. मुलाखतकार असं सांगतो त्याची कारणं वेगवेगळी असू शकतात. कधी निर्णय जवळजवळ झालेला असतो आणि समोरच्याने आशा लावून बसू नये एवढाच हेतू असतो. कधी खरोखर दोघांत चुरस असते आणि मुलाखतकार प्रामाणिकपणे ते सांगून टाकतो. आणि कधी मुलाखतकाराच्याच मनात एक प्रश्न असतो : घरातला माणूस आहे, चांगला आहे, पण या नव्या कामाला तो पुरेल का? हा तिसरा प्रकार बाहेरच्या उमेदवारासाठी सगळ्यात मोलाचा. तो ओळखायची एक साधी खूण ताईने सांगितली. ते वाक्य म्हटल्यावर मुलाखत गुंडाळली, की पुढे चालू राहिली? मला त्या वाक्यानंतरही बाईंनी विचारलं होतं की जुन्या फाँटमधली पुस्तकं युनिकोडमध्ये आणताना चुका राहतात, ते काम कधी केलंय का, आणि मी जूनच्या पहिल्या तारखेला रुजू होऊ शकेन का. दार लावून घेतलेला माणूस रुजू व्हायची तारीख विचारत नाही. अर्थात ही खूण काही पक्की नव्हे; काहीजण सवयीने सगळ्यांनाच तारीख विचारतात.

आतल्या उमेदवाराची खरी ताकद कशात असते हेही समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण भलत्याच ठिकाणी जोर लावतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधले मॅथ्यू बिडवेल यांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका अमेरिकन वित्तसंस्थेच्या गुंतवणूक-बँकिंग विभागातल्या कित्येक वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. बाहेरून घेतलेल्या लोकांचं शिक्षण आणि अनुभव कागदावर जास्त होता, त्यांना पगारही सुमारे 18 टक्के जास्त मिळत होता, पण पहिली दोन वर्षं त्यांच्या कामाचं मूल्यमापन आतून बढती मिळालेल्यांपेक्षा कमी भरत होतं. दोन वर्षं टिकलेल्यांना मात्र पुढे बढत्या लवकर मिळत गेल्या. कुठे ती बँक आणि कुठे कोल्हापूरची गाईडं, हे मलाही कळतं. तरी त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. बाहेरच्या माणसाच्या पदव्या कमी पडतात अशी भीती मुलाखतकाराला नसते. तो आमची पद्धत शिकेपर्यंत काम अडेल, ही भीती असते. घरातला मुलगा कोणता लेखक उशीर करतो, कोणत्या छापखान्याला किती दिवस आधी फाईल द्यावी लागते हे सगळं तोंडपाठ घेऊन येतो.

म्हणून माझ्या पहिल्या पत्रातली ‘मला तीन भाषा येतात’ ही ओळ वाया जात होती. जी शंकाच नव्हती तिचं ते उत्तर होतं. पत्राने बोलायला हवं होतं पहिल्या दोन-तीन महिन्यांबद्दल.

ताईने सांगितलेली मुख्य गोष्ट अशी : प्रश्न असा विचार की त्याचं उत्तर देताना त्या मुलाचं नावही घ्यावं लागणार नाही. माणसाबद्दल विचारू नको, जागेबद्दल विचार. आणि नुसता प्रश्न विचारून त्यांच्यावर काम टाकू नको. सोबत एक छोटी गोष्ट दे, जी त्यांनी मुलाखतीत स्वतः काढलेल्या विषयातली असेल.

छोटी गोष्ट काय द्यायची ते मला फाँटच्या प्रश्नावरून सुचलं. आपल्या महाविद्यालयाचे जुने वार्षिकांक तेव्हाच्या डीटीपी फाँटमध्ये टाईप केलेले आहेत. त्यातला एक लेख घेऊन मी दोन पानं युनिकोडमध्ये आणली आणि मुळाशी ताडून वाचली. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत असेल की जुन्या फाँटमध्ये अक्षर म्हणजे नुसतं चित्र असतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते, रफार नंतर. बदलताना ‘स्थिती’सारख्या शब्दात ती पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मधेच घुसते, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. या चुका तेच तेच नमुने धरून येतात, त्यामुळे शोधा-बदला करून एकदम काढता येतात. पण ‘पाणी’चं ‘पाणि’ झालं, किंवा ‘दिन’च्या जागी ‘दीन’ आलं, की यंत्राला दोन्ही शब्द ठीकच वाटू शकतात. ते वाक्य वाचूनच सापडतं. आणि काही चुका तर बदलताना झालेल्याच नव्हत्या. त्या मूळ लेखातच होत्या, लेखकाला विचारल्याशिवाय हात लावता येणार नव्हता. मी या तीन ढिगांचं एक पान केलं. प्रत्येक ढिगात चार-पाच उदाहरणं, बस्स. एक सबंध दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जे पत्र गेलं ते हे :

“मॅडम, नमस्कार. सहायक संपादकाच्या जागेसाठी काल आपण आणि दोन्ही सरांनी वेळ दिलात, आभारी आहे. संस्थेतलाच एक चांगला उमेदवार आहे हे आपण मोकळेपणाने सांगितलंत, त्यामुळे एक नेमकी गोष्ट विचारावीशी वाटते.

या जागेवर बाहेरून कुणी आलं, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणतं काम त्याच्या हातून व्हावं अशी आपली अपेक्षा असेल? आज जे करायला माणूस कमी पडतं असं काही काम असेल, तर ते समजून घ्यायला आवडेल.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना चुका राहतात, असं आपण म्हणाला होतात. आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकाची दोन पानं मी तशी आणून तपासली. कोणत्या चुका एकदम काढता येतात, कोणत्या वाचूनच सापडतात आणि कोणत्या लेखकाला विचाराव्या लागतात, ते एका पानात सोबत जोडलं आहे.

निवड चालू असताना उत्तर देणं शक्य नसेल तर माझी काही हरकत नाही.”

शंभर-सव्वाशे शब्द. यातली शेवटची ओळ ताईने मुद्दाम घालायला लावली. मला ती पडखाऊ वाटत होती. तिचं म्हणणं असं की काही संस्थांमध्ये निवड संपेपर्यंत उमेदवारांशी बोलायचंच नाही असा नियम असतो. तो पाळणाऱ्या माणसाला आपण अवघडून टाकलं तर पुढे आपलं नाव बघितलं की तेच आठवतं. त्या मुलाबद्दल ‘चांगला’ हा शब्द मी बाईंचाच वापरला. त्याची बाजू पाडणारं तर राहूच दे, ‘त्यांच्यापेक्षा’ हा शब्दसुद्धा पत्रात नाही.

‘बाहेरून कुणी आलं, तर’ या शब्दरचनेवर मात्र आमचा थोडा वाद झाला. मी लिहिलं होतं, ‘मी या जागेवर आले तर’. ताई म्हणाली, “स्वतःला त्यात घालू नकोस. ‘मी’ म्हटलंस की उत्तर म्हणजे आश्वासन होतं, आणि आश्वासन कुणी देणार नाही. ‘बाहेरून कुणी’ म्हटलंस की ती फक्त कामाबद्दल बोलते.” आपण साहित्याचे विद्यार्थी प्रथमपुरुषी निवेदन, तृतीयपुरुषी निवेदन असं परीक्षेत लिहितो, पण पुरुष बदलल्यावर उत्तर मिळणं न मिळणं बदलतं हे मला पहिल्यांदा इथे कळलं.

हेच सगळं खोलीतही विचारता आलं असतं, हेही सांगायला हवं. बाई बोलल्या तेव्हाच मी “हे सांगितलंत ते बरं झालं मॅडम, बाहेरून येणाऱ्याकडून मग तुम्हाला विशेष काय हवं असेल?” असं म्हणू शकले असते. तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं, आणि बाकीच्या दहा मिनिटांत मी त्यावर बोलू शकले असते. पत्र ही नंतरची डागडुजी. पण तीही वेळेत हवी. मला ‘पुढच्या आठवड्यात ठरवू’ असं सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पाठवलेलं चाललं. आठ दिवसांनी पाठवलं असतं तर निर्णयानंतर पोचलं असतं.

आता एक इशारा. सरकारी किंवा आयोगाच्या भरतीत असलं पत्र अजिबात लिहू नका. तिथल्या जाहिरातीत बहुधा स्पष्ट ओळ असते की कोणत्याही मार्गाने निवड मंडळावर प्रभाव टाकायचा प्रयत्न केला तर उमेदवारी रद्द होईल. मुलाखत घेणाऱ्याला नंतर मेल करणं त्यात बसू शकतं. शिवाय तिथे ‘आतला’ या शब्दाचा अर्थही वेगळा आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2006 मध्ये सांगितलं की खुल्या भरतीशिवाय हंगामी किंवा रोजंदारीवर घेतलेल्या माणसाला, केवळ इतकी वर्षं काम केलं एवढ्यावरून, सरकारी नोकरीत कायम होण्याचा हक्क मिळत नाही. म्हणजे तिथे आधीपासून काम करणाऱ्यालाही रीतसर निवडीतूनच जावं लागतं. मी सांगतेय ते खाजगी संस्था, प्रकाशनं, वृत्तपत्रं, लहान कंपन्या यांच्यापुरतं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. बाईंनी तीन ओळी लिहिल्या होत्या. त्या म्हणत होत्या की पान वाचलं, उपयोगी आहे. त्यांच्याकडे सगळे लेखकाच्या नाहीतर छपाईच्या बाजूने वाचतात. उत्तर विद्यार्थ्याला कळतंय का या नजरेने वाचणारं कुणी नाही. आणि लेखकाला, तोही वयाने मोठा प्राध्यापक असताना, फोन करून चूक सांगता येईल का?

मेल वाचून मी घरात ओरडलेच. ताईला फोन केला तर ती म्हणाली, “नाचू नकोस. पण हे चांगलं उत्तर आहे.” चांगलं कशावरून? त्यात नेमकं काम लिहिलेलं होतं, आणि एक उलट प्रश्न होता. ‘आपल्या उत्सुकतेबद्दल आभार, निर्णय झाल्यावर कळवू’ असं आलं असतं तर तिथे थांबायचं होतं. त्यावर आणखी लिहिणं म्हणजे दार वाजवत बसणं.

उलट प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं. मी वाङ्मयेतिहासाच्या पेपरसाठी त्याच संस्थेचं एक गाईड सेकंडहँड घेऊन वापरलं होतं. त्यातलं एकच उत्तर निवडलं : लीळाचरित्राच्या गद्याची वैशिष्ट्यं सांगा. छापील उत्तरात पहिलं दीड पान चक्रधरांचं चरित्र आणि म्हाइंभटांनी आठवणी कशा गोळा केल्या याचं होतं. प्रश्न होता गद्याचा. गद्य सुरू होत होतं तिसऱ्या पानाच्या वर. परीक्षेत पाच गुणांसाठी एक-दीड पान लिहायचं असतं, त्यामुळे जो मुलगा हे क्रमाने पाठ करेल त्याची जागा मुद्द्यावर यायच्या आधीच संपते. मी स्वतः तसंच लिहून आले होते! मी बाईंना तेवढंच कळवलं : माहिती बरोबर आहे, क्रम विद्यार्थ्याला अडवतो, छोटी वाक्यं, बोलीतले शब्द, संवाद हे मुद्दे आधी घेऊन चरित्र शेवटी चार ओळींत आणलं तर लेखकाचा एकही मुद्दा गाळावा लागणार नाही.

त्यांच्याच पुस्तकातली खोट दाखवावी की नाही यावर मी रात्रभर घुटमळले. ताईचं मत होतं दुसऱ्या कुणाचं तरी गाईड घे. मला ते पटलं नाही. बाईंनी स्वतःच ‘या नजरेने वाचणारं कुणी नाही’ असं लिहिलं होतं. मग नजर टाकायची ती त्यांच्याच पानावर. फक्त एकच उत्तर घेतलं, आणि लेखकाचं नाव पत्रात लिहिलं नाही.

फोनबद्दल मी खरं तेच लिहिलं. याच ई-मासिकाच्या एका अंकात आपल्या एका सरांच्या लेखात दोन परिच्छेद तेच ते होते. ‘सर, हे चुकलंय’ म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेले आणि विचारलं, “सर, यातला कोणता ठेवू?” त्यांनी स्वतःच दुसरा खोडला. एवढाच माझा अनुभव, असंही लिहिलं. मोठा करून सांगण्यात अर्थ नव्हता, पहिल्याच फोनला उघडं पडले असते.

इथे एका गोष्टीबद्दल सावध करते. नमुना आपण स्वतःहून देतो तेव्हा तो पान-दोन पानांचाच असावा, आणि शक्यतो छापता येणार नाही असा. कुणी ‘छान आहे, आता हे अख्खं प्रकरण तपासून पाठवा, मग बघू’ म्हणालं तर ती मुलाखत राहत नाही, ते फुकटचं काम होतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही, पण माझ्या एका मैत्रिणीकडून एका ठिकाणी चाळीस पानांचं भाषांतर ‘चाचणी’ म्हणून करून घेतलं आणि नंतर फोनच उचलला नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. जागा त्या मुलालाच मिळाली. बाईंनी कारण सांगितलं : जूनच्या आत बरीच पुस्तकं बाजारात जायला हवीत, छापखान्यांचं वेळापत्रक त्याच्या हातात आहे, या हंगामात त्यांना नवं माणूस तयार करायला वेळ नाही. म्हणजे पहिल्या महिन्यांचीच भीती. माझी दोन पानं तिची पूर्ण समजूत घालू शकली नाहीत. मला छापखान्याचं काहीच माहीत नव्हतं आणि ते एका दुपारीत शिकता आलं नसतं. वाईट वाटलं का? वाटलं की. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

फोन ठेवता ठेवता बाईंनी आणखी एक विचारलं होतं. त्या मुलाची डीटीपीची जागा आता रिकामी होईल, ती चालेल का? मला पानं लावायचं सॉफ्टवेअर येत नाही, मी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, निदान दोन गाईडं विद्यार्थ्याच्या नजरेने वाचून दे, घरूनच, पानाप्रमाणे पैसे देऊ. मी या वेळी नुसतं ‘बरं मॅडम’ म्हटलं नाही. दर आणि मुदत मेलवर पाठवाल का, असं विचारलं.

एम.ए.चा फॉर्म मी शेवटच्या दिवशी भरला. बाईंचा मेल त्यानंतर चार दिवसांनी आला, एका पुस्तकाच्या दरासकट. दुसऱ्या पुस्तकाचं अजून काही कळलेलं नाही.